दवाखान्यातल्या पाट्या वाट दाखवतात की चुकवतात?

मोठ्या सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला आजाराशी झगडण्याआधी रस्ता शोधावा लागतो. केसपेपर कुठे काढायचा, डॉक्टर कुठल्या खोलीत बसतात, रक्त कुठे द्यायचे, रिपोर्ट कुठून घ्यायचा, औषधे कुठल्या खिडकीवर मिळतात, अशी पाच-सहा ठिकाणे एका सकाळीच गाठायची असतात. पाटी नीट नसेल तर विचारावे लागते, आणि विचारले की "वर लिहिलंय ना, दिसत नाही का?" हे ऐकावे लागते. वस्तीतल्या बाया सांगतात की हे एकदा ऐकले की दुसऱ्यांदा विचारायचा धीर होत नाही. मग माणूस चुकीच्या रांगेत तासभर उभा राहतो, तोवर ओपीडीची वेळ संपते आणि तो घरी परततो. त्याचा रोजही बुडतो आणि तपासणीही राहते. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणतात, हे लोक सांगितलेल्या तारखेला येतच नाहीत.

म्हणून आमच्या गटाने एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या पाट्यांची पाहणी करायचे ठरवले. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही, कारण जे दिसले ते त्या एकाच जागचे नाही. वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घेतली. फोटो काढायचे तर त्यात एकाही रुग्णाचा चेहरा येणार नाही, ही अट आम्हीच घालून घेतली.

पाट्या कोण तपासतो यावर सगळे अवलंबून असते. आत रोज काम करणारी नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर यांना पाट्या दिसतच नाहीत. त्यांचे पाय आपोआप वळतात. त्यामुळे कर्मचाऱ्यांनीच तपासले तर सगळ्या पाट्या छान असल्याचा अहवाल येतो. आम्ही वस्तीतल्या अशा तिघांना बरोबर घेतले, ज्यांनी ते रुग्णालय आधी पाहिले नव्हते. एक आजी, सावकाश वाचणाऱ्या, एका डोळ्यात मोतीबिंदू. एक ताई, कडेवर लहान बाळ. आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा. प्रत्येकाला एकच काम दिले: गेटपासून निघायचे, केसपेपर काढायचा, औषधवैद्यक ओपीडीची १४ नंबरची खोली गाठायची, तिथून छातीच्या एक्स-रेपर्यंत जायचे आणि परत १४ नंबरला यायचे. कुणाला विचारायचे नाही. मनात जे येईल ते मोठ्याने बोलायचे. आम्ही पाच पावले मागे चालत होतो आणि काही सांगत नव्हतो. जिथे जिथे वाट फुटते, तिथे तिथे थांबून आम्ही वहीत चार गोष्टी लिहिल्या: इथे पाटी दिसते का, हातातल्या कागदावरचाच शब्द पाटीवर आहे का, बाण कुठे दाखवतो, आणि वळल्यानंतर आपण बरोबर वाटेवर आहोत हे सांगणारी दुसरी पाटी आहे का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. वळल्यावर लांबच्या लांब पॅसेजमध्ये एकही पाटी नसेल तर घाबरलेला माणूस निम्म्यातून मागे फिरतो. आमच्या ताई दोनदा अशा मागे फिरल्या, आणि दोन्ही वेळा त्या बरोबर वाटेवर होत्या.

मुलगा सहज पोचला. जे शिकायला मिळाले ते आजींकडून, म्हणून त्यांचीच वाट इथे सांगतो.

गेटवर दहा फूट उंच फलक होता. त्यावर तीसेक विभागांची नावे, आणि एकही बाण नाही. आजी दोन मिनिटे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यात माझं कुठलं गं?" मग गर्दी जिकडे चालली होती तिकडे निघाल्या. गेटवर आलेल्या माणसाला तीस नावे नको असतात. त्याला पहिले वळण हवे असते. गेटच्या पाटीवर अपघात विभाग, केसपेपर, बाळंतपण आणि नातेवाइकांनी भेटायची जागा एवढे चार शब्द बाणासह असले तरी पुरते. बाकीचे पुढच्या वळणावर सांगायचे. एका पाटीवर पाच ओळींच्या वर गेले की काळजीत असलेला माणूस वाचायचे सोडून देतो.

केसपेपरची खिडकी आजींच्या डोळ्यांसमोर होती आणि त्या तिच्यावरून पुढे गेल्या, कारण वर 'बाह्यरुग्ण नोंदणी कक्ष' असे लिहिले होते. शुद्ध मराठीला आमचा विरोध नाही. पण सबंध जिल्हा ज्याला केसपेपर म्हणतो, त्या खिडकीवर केसपेपर हा शब्द मोठ्या अक्षरात हवा. खाली लहान अक्षरात नोंदणी कक्ष लिहावे, कुणाची हरकत नाही.

पुढे जिन्यापाशी पाटी होती: 'औषधवैद्यक विभाग', आणि वर जाणारा बाण. आजी जिना चढून वर गेल्या. खोली तळमजल्यावरच, सरळ पुढे होती. यात आजींचा दोष नाही. वर जाणाऱ्या बाणाचा अर्थ 'सरळ पुढे' असा मानतात, पण तीच पाटी जिन्याशेजारी लावली की तोच बाण 'वरच्या मजल्यावर' असे सांगू लागतो. खाली जाणाऱ्या बाणाचे तर त्याहून वाईट. कुणी तो 'इथेच' म्हणून काढतो, कुणी 'मागे फिरा' म्हणून, कुणी 'तळघरात' म्हणून. उपाय साधा आहे. जिन्याजवळच्या पाटीवर बाणासोबत 'सरळ पुढे' किंवा 'जिन्याने पहिला मजला' हे शब्द लिहायचे आणि जिन्याचे चित्र फक्त जिन्यासाठीच ठेवायचे. मोतीबिंदूचा डोळा आणि दुखरे गुडघे घेऊन वीस पायऱ्या चढून उतरणे म्हणजे काय, हे पाटी रंगवणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते.

बाण कुठल्या बाजूला छापायचा, हेही ठरलेले हवे. डावीकडे जायचे असेल तर बाण शब्दाच्या डाव्या बाजूला, उजवीकडे जायचे असेल तर उजव्या बाजूला. आम्ही पाहिलेल्या अनेक पाट्यांवर सगळे बाण शब्दांनंतर एका सरळ ओळीत छापले होते. त्यामुळे डावीकडचा बाण शब्दाच्या पोटात घुसल्यासारखा दिसत होता. दिशेप्रमाणे ओळींचे गट केले, म्हणजे डावीकडची सगळी ठिकाणे एकत्र आणि उजवीकडची एकत्र, तर प्रत्येक ओळीला बाण लागतही नाही. गटाला एकच मोठा बाण पुरतो.

१४ नंबरच्या दारात वेगळीच गंमत. खोलीवर मराठी आकडे होते, केसपेपरवर कॉम्प्युटरने छापलेले इंग्रजी आकडे, आणि त्या पॅसेजमध्ये औषधांच्या खिडक्यांनाही नंबर होते. म्हणजे १४ नंबरची खोली वेगळी, १४ नंबरची खिडकी वेगळी. शिवाय मराठी एक आणि इंग्रजी नऊ लांबून जवळजवळ सारखे दिसतात. ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत पण आकडे ओळखता येतात, असा आपला मोठा वर्ग आहे, आणि त्याचा सगळा भरवसा नंबरावर असतो. म्हणून कागदावर आणि दारावर आकडे एकाच लिपीतले हवेत, आणि इमारतीत एक नंबर एकाच जागेला हवा. खिडक्यांना नंबराऐवजी क, ख, ग अशी अक्षरे दिली तरी हा गोंधळ मिटतो.

खरी कसोटी एक्स-रेला लागली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'एक्स-रे' होते. पहिल्या वळणावर पाटी होती 'क्ष-किरण विभाग'. दुसऱ्या वळणावर 'रेडिओलॉजी'. विभागाच्या दारावर, बहुधा नवे मशीन आले तेव्हा लावलेला, 'इमेजिंग सेंटर' असा चकचकीत बोर्ड. एकाच जागेची चार नावे. आजींनी दुसऱ्या वळणावर आम्हाला विचारले, "हे वेगळं काय आहे का?" प्रत्येक नाव आपापल्या जागी बरोबरच होते, पण वाटेत नाव बदलले की वाट तुटते. पाट्यांच्या कामात याहून मोठी चूक आम्हाला दिसत नाही, आणि ती दुरुस्त करायला पैसेही फारसे लागत नाहीत. सगळ्या विभागांची एकच यादी करायची. प्रत्येक जागेचे एकच नाव ठरवायचे. आणि ते नाव चिठ्ठीवर, गेटवर, वळणावर, दारावर आणि चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याच्या तोंडी तेच ठेवायचे. नाव कुठले घ्यायचे, याचा निकाल वस्तीतल्या माणसाच्या तोंडून लावावा. आम्ही महिला मंडळात विचारले तेव्हा 'अस्थिव्यंगोपचार' फारसे कुणाला कळले नाही, 'हाडांचे डॉक्टर' सगळ्यांना कळले. 'सोनोग्राफी' सर्वांना ठाऊक होती, पण चिठ्ठीवर डॉक्टर तिला 'यूएसजी' लिहितात हे फक्त दोघींना माहीत होते.

एक्स-रेच्या दाराशी आजी पुन्हा थबकल्या. दारावर पिवळे त्रिकोणी धोक्याचे चिन्ह, खाली 'आत येण्यास मनाई'. त्यांना वाटले, आपल्याला इथे यायची परवानगी नाही. ते चिन्ह काढता येणार नाही आणि काढूही नये. मशीन चालू असताना किरण बाहेर पसरू शकतात, म्हणून एक्स-रेच्या खोलीच्या दाराला ते नियमानेच लावावे लागते, आणि गरोदर बाईने आधी सांगावे ही सूचनाही तिथे हवीच. पण इथे ते बसायच्या जागेच्या बाहेरच्या दाराला लावले होते. त्याची जागा आतल्या, मशीनच्या दारावर. बाहेरच्या दारावर 'एक्स-रे. आत येऊन बसा' एवढे हवे.

परतताना मात्र आजी पुरत्या हरवल्या. छताला टांगलेल्या पाटीवर 'ओपीडी' आणि डावीकडचा बाण होता, त्या डावीकडे वळल्या आणि वॉर्डांच्या बाजूला गेल्या. आम्ही पाटीच्या दोन्ही बाजू पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. पाटी दुतोंडी होती आणि छापणाऱ्याने दोन्ही बाजूंना तेच एक चित्र छापले होते. पुढून येणाऱ्याला ओपीडी डावीकडे असेल, तर मागून येणाऱ्याला ती उजवीकडे असणार. टांगलेल्या पाटीच्या मागच्या बाजूचा बाण उलटा छापावा लागतो. त्या इमारतीत अशा नऊ टांगत्या पाट्या होत्या, त्यांतल्या चारांची मागची बाजू खोटे बोलत होती. ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पाटी लावताना लोक एकाच बाजूने, आत येणाऱ्याच्या बाजूने पाहतात. तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात पाटीखाली उभे राहून एकदा मागची बाजू जरूर पाहा. तशीच दुसरी एक फसवी पाटी म्हणजे दाराच्या फळीवर चिकटवलेला बाण. दार बंद असताना तो बरोबर असतो, दार उघडे टेकवून ठेवले की भलतीकडे बोट दाखवतो.

अक्षराच्या मापाबद्दल एक ठोकताळा सांगतो. २५ फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षराची उंची किमान एक इंच हवी. हे माप वरच्या-खालच्या मात्रा, वेलांट्या, उकार सोडून मधल्या अक्षराचे धरायचे. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी ते दुप्पट केले तर बरे. आम्ही पट्टी लावली तेव्हा पॅसेजमधल्या बऱ्याच पाट्यांवर विभागाचे नाव पाऊण इंच होते, आणि पाटी कुणी भेट दिली त्या देणगीदाराचे नाव दोन इंच. पाटी छातीच्या उंचीवर असेल तर रांगेतल्या माणसांच्या मागे झाकली जाते. डोक्याच्या वर, पण स्ट्रेचरला लावलेली सलाइनची दांडी अडणार नाही इतकी उंच हवी. वरून गुळगुळीत ॲक्रिलिक असेल तर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके अक्षरांवर पडते आणि पाटी आरशासारखी चकाकते. मंद, बिनचकाकीचा पृष्ठभाग हवा.

आता रंगाविषयी. रुग्णालयात येणाऱ्याच्या छातीत आधीच धडधड असते. तिथे भिंतीभर लाल पाट्या असतील तर प्रत्येक पाटी त्याला धोक्याचीच वाटते. लाल रंग एकाच कामासाठी राखून ठेवावा: अपघात विभाग. आगीची साधने तशीही लालच असतात. त्याखेरीज दुसरे काही लाल नसेल तर झटका आलेल्या माणसाला उचलून आणणाऱ्या पोरांना ती एक पाटी लांबूनही सापडते. हिरवा रंग आगीच्या वेळी बाहेर पडायच्या मार्गासाठी ठरलेला आहे, तो इतरत्र वापरला की संकटात घोळ होतो. पिवळा सावधगिरीसाठी. उरलेल्या सगळ्या दिशादर्शक पाट्यांना गडद निळी पाटी आणि पांढरी अक्षरे सगळ्यात बरी दिसतात. त्या शांतही वाटतात आणि मोतीबिंदू असलेल्यालाही वाचता येतात. निळा आपल्या आवडीचा, म्हणून आम्ही त्याची बाजू घेतो असे कुणी म्हणेल. तसे नाही. आम्ही फिकट निळ्यावर पांढरी, पांढऱ्यावर पिवळी आणि गडद निळ्यावर पांढरी अशा तीन चिठ्ठ्या आजींना वीस फुटांवरून दाखवल्या, आणि त्यांनी तिसरीच वाचली.

जमिनीवरच्या रंगीत पट्ट्यांची हल्ली हौस आहे. लाल पट्टी इकडे, हिरवी तिकडे. तीन-चार रंगांपर्यंत त्या चालतात, पुढे त्यांचे जाळे होते. काही पुरुषांना लाल-हिरवा फरक दिसत नाही आणि अनेकांना हे स्वतःलाही ठाऊक नसते. म्हणून पट्टीवर दर काही अंतराने त्या जागेचे नाव हवे. फरशी बदलली किंवा पुसून पुसून रंग उडाला की पट्टी अधेमधे तुटते, आणि तुटलेली पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट.

रंगाइतकीच शब्दांची भाषाही मन दडपते. आम्ही पाहिलेल्या पॅसेजमध्ये दिशा सांगणाऱ्या एका पाटीमागे तीन दटावणाऱ्या पाट्या होत्या: थुंकल्यास दंड, विनापरवानगी आढळल्यास कारवाई, गोंगाट करू नये. नियम हवेत, पण ते बसायच्या जागी लावावेत. वळणावर दिशेच्या पाटीशेजारी दुसरे काहीही नको. आणखी एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्याच मनाला लागली. एका पाटीवर 'प्रसूती कक्ष'च्या लगेच खाली 'शवागार' होते, त्याच बाणाने. कळा येणाऱ्या पोरीला घेऊन येणारी आई ते वाचत जाते. शवागाराची वाट सामान्य फलकांवर लिहू नये. ज्या घरावर तो प्रसंग येतो, त्यांना वॉर्डातल्या माणसाने सोबत जाऊन पोचवावे. तिथे पाटीवर भागवू नये. एचआयव्हीच्या औषधांसाठी जाणाऱ्यांचेही तसेच. 'एआरटी केंद्र' असा मोठा बोर्ड भर रांगेसमोर असला की वस्तीतली ओळखीची माणसे पाहतील म्हणून काही जण गोळ्या घ्यायलाच येत नाहीत. तिथे खोलीचा नंबर पुरेसा आहे, तो रुग्णाच्या कार्डावर लिहिलेला असतोच.

रात्री नऊनंतर आम्ही पुन्हा गेलो. दिवसाच्या पाट्या रात्री खोट्या ठरतात. रस्त्यावरचा अपघात विभागाचा बाण ओपीडीच्या गेटकडे होता आणि ते गेट रात्री कुलूपबंद. चालू गेट इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, तिथे पाटीवर दिवा नाही. रिक्षावाले वाट जाणतात, पण स्वतःच्या मोटारसायकलवर आणणाऱ्याला कोण सांगणार? लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे असेल तर झटका सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. गावाहून यायलाच तीन तास गेले असतील तर कुलूपबंद गेटपाशी घालवायला पंधरा मिनिटे उरत नाहीत.

आम्ही अधीक्षकांना दिलेल्या अर्जात तक्रारीचा सूर ठेवला नाही. अकरा जागा, प्रत्येकीचा फोटो, आज काय लिहिले आहे आणि काय लिहावे, एवढेच. कायम पाट्या करण्याआधी साध्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापून आठवडाभर चिकटवून पाहा, असे सुचवले, आणि नवीन माणसांना घेऊन तीच वाट पुन्हा चालून दाखवायची तयारी सांगितली. खर्चासाठी रुग्ण कल्याण समितीकडे पैसे असतात आणि अशा लहान कामांना ते वापरता येतात, हेही लिहिले. असा अर्ज तुम्ही दिलात तर आवक नंबराचा शिक्का मारलेली प्रत परत घ्या. महिन्या-दोन महिन्यांत हालचाल झाली नाही तर अर्जाचे काय झाले हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

पहिल्या पंधरवड्यातच टांगत्या पाट्यांचे चार बाण रंगाऱ्याने उलटे करून दिले. केसपेपरच्या खिडकीवर तो शब्द आला. एक्स-रेची चार नावे तीनवर आली आहेत. 'इमेजिंग सेंटर'चा बोर्ड मशीन देणाऱ्यांनी लावलेला असल्याने तो काढायला वरून परवानगी हवी, असे उत्तर मिळाले. रात्रीच्या गेटवर दिवा बसला, बाण अजून बदललेला नाही. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही उरलेल्या जागांची यादी वाचणार आहोत, आणि दुसऱ्या पाहणीसाठी चालायला तयार असलेल्या दोन आजोबांची नावे आधीच आली आहेत. त्यांतल्या एकांना वाचता येत नाही. ते फक्त नंबर आणि चित्रे पाहून चालणार आहेत.